हात धरून काढलेली सही

"वयनी, सही जुळत नाही," असं म्हणून नव्या कारकुनानं फॉर्म जाळीखालून माझ्याकडे परत सरकवला.

मी तो पुन्हा आत ढकलला. "नीट पाय," म्हटलं.

"तीनदा पायली." त्याच्या डाव्या हातात सहीच्या नमुन्याचं कार्ड होतं. कान लाल झाले होते. "दादायची सही मी रोज पायतो, वयनी. हे त्यायची नाही."

दादा म्हणजे माझे यजमान. कारंज्याच्या त्या बँकेत ते अकरा वर्षं त्याच खिडकीवर बसले होते, आणि ह्या कारकुनाला चार महिन्यांपूर्वी त्यांनीच शिकवून तयार केलं होतं. आता ते घरी न्युमोनियानं पडले होते. श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या. गोळ्या अकोल्याला मिळतील, पण आजच्या आज माणूस पाठवा, असं डॉक्टर सकाळी सांगून गेले होते. लढाईचे दिवस होते. गोळ्यांचा भाव दुकानदार सांगेल तो, आणि उधार कोणी देत नव्हतं. माझा भाऊ धनजहून आला होता. तो कपड्याची पिशवी घेऊन स्टेशनवर जाऊन बसला होता. अकोल्याला मूर्तिजापूरवरून जायचं, आणि मूर्तिजापूरची छोटी गाडी दुपारी सुटे. ती गेली की दुसऱ्या दिवसापर्यंत काही नव्हतं. मी बँकेतून चाळीस रुपये काढायचे, स्टेशनवर भावाला द्यायचे आणि त्यानं गाडीत चढायचं, एवढंच काम होतं.

कारकून फॉर्म आणि कार्ड घेऊन एजंटसाहेबांच्या, म्हणजे शाखेच्या मुख्य साहेबांच्या, खोलीत गेला. साहेब स्वतः बाहेर आले. ते पुण्याकडचे होते आणि पुस्तकातल्यासारखं बोलत.

"बाई, ही सही तुमच्यासमोर झाली?"

"हो."

"त्यांनी स्वतःच्या हातानं केली?"

"हो," मी म्हटलं. ते खोटं होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सहीकडेच पाहिलं. "मग ह्यावर पैसे देता येणार नाहीत. दुसरा फॉर्म न्या आणि त्यांची सही पुन्हा घेऊन या. त्यांच्यानं सही होत नसेल तर तसं सांगा, म्हणजे दुसरी तजवीज करू."

दुसरी तजवीज काय असते ते मला ठाऊक होतं. तरी मी नवा फॉर्म घेतला आणि बँकेच्या पायऱ्या उतरले.

मला कसं ठाऊक, ते सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली. पण बँकेत दोन नवे कारकून घ्यायचे ठरलं तेव्हा साहेबांनी यजमानांना सांगितलं, की खिडकीवर काय काय पाहायचं ते सगळं मराठीत एका टिपणात लिहून काढा. आधी ते इंग्रजीत होतं आणि नव्या माणसांना अर्धं समजत नसे. यजमान तीन रविवार ओट्यावर बसून ते लिहीत होते. एक कलम झालं की मला वाचून दाखवत. मी गहू निवडत असे.

"समजलं काय?"

"समजलं."

"मंग चाललं. तुले समजलं म्हंजे कोनालेई समजंल."

"मले समजते तं मलेच बसवा खिडकीवर," मी म्हणायची.

"तू बसली तं लोक पैसे ठिवून पयतीन."

असं आमचं चाले. त्यामुळे ते टिपण मला जवळजवळ पाठ झालं, आणि आजही बरंचसं आठवतं. पैसे भरायची चिठ्ठी आली तर आधी नोटा मोजायच्या, खातेदाराच्या डोळ्यांदेखत, आणि किती रुपयांच्या किती नोटा ते चिठ्ठीच्या मागे लिहायचं. बेरीज जुळल्यावरच पावतीच्या तुकड्यावर शिक्का मारायचा, आधी मारायचा नाही. चिठ्ठीतली बेरीज चुकलेली असली तर आपण सुधारायची नाही, भरणाऱ्याकडून सुधारून घ्यायची. पैसे काढायच्या फॉर्मवर तारीख पाहायची, खात्याचा नंबर पाहायचा, अक्षरी रक्कम आणि आकडा एक आहे का ते पाहायचं. खाडाखोड असेल तिथे खातेदाराची पूर्ण सही हवी. खात्यात तेवढी शिल्लक आहे का ते खातेवहीत पाहायचं. आणि मग सही.

सहीवर त्यांनी दीड पान लिहिलं होतं. कार्ड काढल्याशिवाय कुठलीही सही पास करायची नाही. माणूस ओळखीचा असला तर आधी कार्ड काढायचं, कारण ओळखीच्या माणसाच्या कागदाकडे आपण नीट पाहत नाही. अक्षरं पाहायची नाहीत, हात पाहायचा. सुरुवात कुठून झाली, टाक कुठे उचलला, शेवट कसा फेकला. खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत एक नसतात. एकावर एक ठेवून जुळली तर ती गिरवलेली समजायची. खोटी सही सावकाश काढलेली असते, मध्येच शाई साचते. आणि शेवटी लिहिलं होतं, की दुसऱ्यानं हात धरून काढलेली सही ही सही नव्हे. तीत दोन माणसांचा जोर दिसतो. एक ढकलतो आणि एक ओढतो. अशी सही परत करावी. खातेदार आजारी असून सही करू शकत नसेल, तर बँकेच्या अधिकाऱ्यानं त्याच्या घरी जावं, त्याला रक्कम वाचून दाखवावी, आणि बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांसमोर त्याचा अंगठा घ्यावा. त्यातला एक डॉक्टर असला तर उत्तम.

हे कलम त्यांनी वाचलं तेव्हा मी विचारलं होतं, "हात धरला तं काय बिघडते? मानूस तं तोच हाय ना?"

"मानूस तोच, पन मन कोनाचं?" ते म्हणाले. एका पुतण्यानं म्हाताऱ्या काकाचा हात धरून खातं रिकामं केलं होतं, ती हकिगत त्यांनी सांगितली. मला पटलं.

आणि तरी त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी तेच केलं.

डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, साहेबांना बोलावते, ते घरी येतील. यजमान डोळे मिटूनच म्हणाले, "कायले?"

"अंगठा घ्याले."

त्यांनी डोळे उघडले. "माहा अंगठा?"

"मंग कोनाचा?"

"नाई," ते म्हणाले. "अकरा वर्सं मी लोकायचे अंगठे घेतले. मी नाई देनार."

आता ऐकताना हे वेडेपणाचं वाटेल. पण आमच्या गावात तेव्हा माणसं दोनच तऱ्हेची होती, सहीवाली आणि अंगठेवाली. ह्यांचे वडील अंगठा देत. ते भाजीच्या मळ्यात राबले, बाजारात टोपली घेऊन बसले आणि ह्या एका मुलाला सही करण्याइतकं नव्हे, दुसऱ्यांच्या सह्या तपासण्याइतकं शिकवलं. बँकेत अंगठेवाला आला की ह्यांचा चेहरा बदलायचा. वाईट वागत नसत. त्याचा अंगठा स्वतःच्या हातानं शाईच्या गादीवर दाबत, मग फडकं देत. पण घरी येऊन स्वतःचे हात दोनदा धूत.

"फॉर्म आन," ते म्हणाले. "टाक आन. माहा हात धर. मी सांगतो तसा चालव."

"तुमीच तं लिवलं, हात धरला तं चालत नाई म्हनून."

"ते ज्याले सही माईत नाई त्याच्यासाठी. मले माईत हाय पायनारा काय पायते ते."

हीच त्यांची चूक झाली. जो माणूस अकरा वर्षं चोऱ्या पकडतो, त्याला वाटतं आपल्याला चोरी करता येईल.

माझी चूक त्यांच्याहून मोठी. त्यांना ताप होता, मला नव्हता. मी पाटी मांडीवर घेतली, तिच्यावर फॉर्म ठेवला आणि त्यांची मूठ माझ्या मुठीत धरली. ती भाजत होती. त्यांची सही मोडीत होती. मला बाळबोध येत होतं, मोडी येत नव्हती. मोडीत टाक उचलत नाहीत, सगळी सही एका दमात निघते, पुढं काय वळण आहे ते लिहिणाऱ्यालाच माहीत. मी त्यांच्या हातामागं आंधळ्यासारखी चालत होते. वळणावर त्यांचा हात गळाला आणि मी भीतीनं दाबलं. शाईचा ठिपका पडला. शेवटचा फटका त्यांनी मारलाच नाही, तो मी मारला.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "चालते," म्हणाले. त्यांना धड दिसतही नसावं.

मला दिसत होतं. एक ढकलतो आणि एक ओढतो, ते त्या कागदावर कोणालाही दिसलं असतं. तरी मी तो घेऊन बँकेत गेले, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. कारण खरं बोलले असते तर साहेब अंगठा घ्यायला आले असते, आणि नवऱ्यानं नको म्हटलं होतं. त्याचा शब्द मोडायची मला सवय नव्हती. दुसरं काही कारण शोधून मी स्वतःला चांगलं म्हणवून घेणार नाही.

नवा फॉर्म घेऊन घरी आले. आमची मुलगी, पाच वर्षांची, बापाच्या पायाशी बसून पंख्यानं वारा घालत होती. शेजारचे बांगडीवाले चाचा ओट्यावर थांबले होते. त्यांना मी घराकडे लक्ष द्यायला सांगून गेले होते.

"मिले पैसे, भाभी?"

"नाई. सही परत केली."

"कोनी? त्या कालच्या पोरानं?" चाचा चिडले. "अरे, जिच्या घरी जेवला तिलेच परत करते?"

"त्यानं बराबर केलं," मी म्हटलं. चाचांचंही त्याच बँकेत खातं होतं. त्यांचे पैसे कोणी खोट्या सहीवर दिले असते तर त्यांनीच बँकेसमोर रान उठवलं असतं.

आत गेले. ह्यांना सांगितलं.

"कोन होतं खिडकीवर?"

"नवाच. तुमचाच."

"कार्ड काढलं त्यानं?"

"काढलं. तीनदा पायलं."

ते हसले. खोकला आला, पण हसले. "मी सांगतलं होतं त्याले," म्हणाले. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की तेवढा आयुष्यात कोणाचाच आला नाही. मरायला टेकलेला माणूस आणि त्याला कौतुक कशाचं, तर आपला शिष्य चोख निघाला ह्याचं.

मी टाक त्यांच्या बोटांत दिला. तो पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा बोटं मिटलीच नाहीत.

"आता मी साहेबायले आनतो," मी म्हटलं. "तुमी अंगठा देनार."

"नाई म्हतलं ना."

"मंग पोरीले सांगा. तिले सांगा, तुहा बाप शाईले भ्याला म्हनून मेला."

ते भिंतीकडे वळले. तिकडेच तोंड करून म्हणाले, "कोनाले दिसू नोको देजो."

मी पुन्हा बँकेत गेले. बाजाराच्या गल्लीतून अशी चालले की लोक वळून पाहत होते. साहेबांना सांगितलं, की सकाळची सही मी हात धरून काढली होती, मी खोटं बोलले, त्यांच्यानं टाक धरवत नाही, तुम्ही घरी चला. साहेब उठले. टोपी घातली, शाईची गादी खिशात टाकली आणि निघाले. पण साक्षीदार म्हणून डॉक्टर हवे होते, आणि डॉक्टर टांग्यानं दुसऱ्या रोग्याकडे गेले होते. मी म्हटलं, बांगडीवाले चाचा आहेत, त्यांचं खातं तुमच्याकडेच आहे. साहेब म्हणाले, एक ते चालतील. दुसरा कोण? मग त्यांनी खिडकीवरच्या कारकुनाला बोलावलं. खिडकी उघडी टाकून तो उठू शकत नव्हता. नोटा पेटीत टाकायच्या, मोजून लिहायच्या, पेटीला दोन कुलपं लावायची, एक किल्ली साहेबांची आणि एक त्याची. हे सगळं होईस्तोवर मी दारात उभी होते. रांगेतले लोक कुरकुरत होते. एकजण म्हणाला, "बँक बंद करून कोनाच्या लग्नाले चालले?"

आम्ही घरी पोचलो. साहेबांनी खाटेशी बसून रक्कम मोठ्यानं वाचली. "चाळीस रुपये, तुमच्या खात्यातून, तुमच्या पत्नीच्या हाती द्यायचे. कबूल?"

"कबूल," यजमान म्हणाले. आवाज निघाला नाही, ओठ हलले. साहेबांनी पुन्हा विचारलं, कारण ओठांवर पैसे देता येत नाहीत. दुसऱ्या वेळी आवाज निघाला.

मग नव्या कारकुनानं त्यांचा डावा अंगठा धरला. त्यानं अंगठा गादीवर टेकवला आणि कागदावर जोरानं दाबला. ठसा काळाकुट्ट उमटला, रेषा काही दिसेना.

"असा नाई," यजमान म्हणाले. "दाबू नोको. एका कडेकून दुसऱ्या कडेपरेंत फिरव."

त्यानं दुसऱ्यांदा फिरवून घेतला. ह्या वेळी चांगला उमटला. चाचांनी उर्दूत सही केली, कारकुनानं मराठीत, साहेबांनी इंग्रजीत. त्या कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या, एक ह्यांची सोडून. मुलगी पुढं आली आणि स्वतःच्या फडक्यानं बापाचा अंगठा पुसू लागली. त्यांनी तिला पुसू दिला.

साहेबांनी पैसे बरोबर आणलेच नव्हते. फॉर्म खातेवहीत चढल्याशिवाय पेटीतून रुपया निघत नाही. पुन्हा बँकेत जायचं होतं. आम्ही गल्लीच्या तोंडाशी होतो तेव्हा गाडीची शिटी ऐकू आली. कारकून थांबला. साहेब चालत राहिले. मीही चालत राहिले, कारण थांबून गाडी परत येणार नव्हती.

चाळीस रुपये मिळाले. सगळ्या नोटा कोऱ्या होत्या. कारकुनानं दोनदा मोजून दिल्या. मी मोजल्या नाहीत, तर म्हणाला, "वयनी, खिडकीवरून हलाच्या आंधी मोजा." मी मोजल्या.

भाऊ स्टेशनवरून परत आला तो शिव्या देतच आला, मला, बँकेला, गाडीला. चाचांना सगळं कळलं तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले. "भाभी, चालीस रुपये? मले काहून नाई सांगतलं सकाळी? गल्ल्यात पडेल होते." मी त्यांना सकाळी विचारलंच नव्हतं. आमच्या खात्यात पैसे होते. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्यानं शेजाऱ्यापुढं हात कशाला पसरायचा, असं आमच्या घरातलं डोकं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं भाऊ अकोल्याला गेला. त्याच दुपारी मुलीचं अंग तापलं. संध्याकाळी तिचाही श्वास तसाच चालू लागला, बापासारखा. मी दोघांच्या मधे बसले. यजमान शुद्धीवर असे नव्हते, पण मधून मधून आकडे बोलत. एकदा म्हणाले, "अक्षरी लिवा." नंतर काही बोलले नाहीत.

भाऊ तिसऱ्या दिवशी दुपारच्या पुढं गोळ्या घेऊन आला. त्याच्या आधी, सकाळी, यजमान गेले होते. त्यांना स्मशानात नेलेली माणसं नुकतीच परत आली होती. अंगण धुतलेलं होतं, ओलं होतं. पुडी कोणाच्या हातात द्यावी हे भावाला कळेना, तो दारातच उभा राहिला. डॉक्टर तिथेच होते. त्यांनी पुडी घेतली, एक गोळी अर्धी केली आणि पाण्यात कुस्करून मुलीला पाजली. दर चार तासांनी, असं मला सांगितलं. घरात घड्याळ नसल्यामुळे मी चाचांच्या दुकानातल्या घड्याळात किती वाजले ते विचारत राहिले.

चौथ्या दिवशी तिचा ताप उतरला. मुलगी जगली. घरात आता ती उरली, आणि मी.